ऑडिटरचा शेरा कसा वाचायचा: क्वालिफाइड, अ‍ॅडव्हर्स आणि डिस्क्लेमर

समजा, भोसरी एमआयडीसीत तुमचा स्टील बारचा धंदा आहे. चाकणची एक ऑटो पार्ट बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी दरमहा ३० लाखांचा माल मागते आणि पैसे ९० दिवसांनी देणार म्हणते. म्हणजे कुठल्याही दिवशी तुमचे ९० लाख तिच्याकडे अडकलेले असणार. ताळेबंद मागितल्यावर लगेच येतो: विक्री ४२ कोटी, करपूर्व नफा १.६० कोटी, नेटवर्थ ८.४० कोटी. आकडे चांगले आहेत, पण ऑडिट रिपोर्टच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात 'क्वालिफाइड ओपिनियन' असं लिहिलंय.

अशा वेळी आमच्या ऑफिसात येणारे लोक दोनच गोष्टी विचारतात. काही जण म्हणतात, "साहेब, शेरा आहे म्हणजे कंपनी बुडीत का?" बाकीचे म्हणतात, "शेरा काय, सगळ्यांनाच असतो. नफा आहे ना?" या दोघांनीही शेऱ्याखालचा परिच्छेद वाचलेला नसतो. कंपनी किती वाईट आहे हे शेऱ्याच्या प्रकारावरून कळत नाही. समोरचे आकडे वाचणाऱ्याला स्वतः दुरुस्त करून वापरता येतील का, एवढंच त्यावरून कळतं. क्वालिफाइडमध्ये बहुतेकदा येतात. अ‍ॅडव्हर्समध्ये आकडे चुकलेत हे माहीत असतं, पण दुरुस्ती तुमच्या आवाक्याबाहेर असते. डिस्क्लेमरमध्ये ते बरोबर की चूक, हे ऑडिटरलाही ठाऊक नसतं.

आधी खरा रिपोर्ट मिळवा

कंपनीने पाठवलेल्या पीडीएफवर थांबू नका. त्यात बहुधा ताळेबंद आणि नफातोटा पत्रक तेवढं असतं. ऑडिटरची पानं गळालेली असतात किंवा आकडे अजून 'प्रोव्हिजनल' असतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, संकेतस्थळावर View Public Documents मध्ये कंपनीचं नाव टाकून १०० रुपये भरले, की तिने दाखल केलेली कागदपत्रं बघता येतात. त्यातला AOC-4 हा वार्षिक हिशेबांचा फॉर्म आणि त्याची जोडपत्रं हवीत. मार्चअखेरच्या हिशेबांसाठी वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत आणि त्यानंतर ३० दिवसांत AOC-4, असा नियम आहे. त्यामुळे मुदत पाळणाऱ्या कंपनीचे हिशेब ऑक्टोबरअखेर तिथे दिसायला हवेत. आकुर्डीच्या रजिस्ट्रार कचेरीत खेटे घालायची गरज नाही.

रिपोर्टच्या शेवटी, सहीच्या खाली UDIN हा १८ अंकी-अक्षरी ओळख क्रमांक असतो. तो udin.icai.org वर टाकून पाहा. रिपोर्ट खरोखर त्या सीएने नोंदवलाय का, हे दोन मिनिटांत कळतं. कंपनीने पाठवलेल्या रिपोर्टवरचा UDIN आणि एमसीएवरच्या रिपोर्टवरचा UDIN जुळला नाही, तर पुढे वाचायच्या आधी त्याचं कारण विचारा.

ऑडिटर शेरा कसा ठरवतो

भारतात हे 'एसए ७०५' या ऑडिटिंग मानकाने ठरतं. ऑडिटरला दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. पहिला प्रश्न: चूक सापडली आहे की पुरावा सापडला नाही? स्टॉक ५० लाखांनी जास्त दाखवलाय हे मोजून सिद्ध झालं, तर ती चूक. स्टॉक मोजताच आला नाही, तर तो पुराव्याचा अभाव. दुसरा प्रश्न: त्याचा परिणाम एका कोपऱ्यात आहे की सगळ्या हिशेबात पसरलाय? पसरलेल्याला मानकात 'पर्व्हेसिव्ह' म्हणतात. परिणाम अनेक बाबींना शिवत असेल, किंवा एकाच बाबीत असूनही ती हिशेबाचा मोठा हिस्सा असेल, किंवा एखादी माहिती दडवल्यामुळे हिशेबांचा अर्थच कळत नसेल, तर तो पर्व्हेसिव्ह.

कोपऱ्यातली बाब असेल, मग ती चूक असो वा पुराव्याचा अभाव, मत क्वालिफाइड होतं. पसरलेली चूक असेल तर अ‍ॅडव्हर्स. पुरावाच नाही आणि परिणाम पसरलेला असू शकतो, तर डिस्क्लेमर. म्हणून अ‍ॅडव्हर्स आणि डिस्क्लेमर यांत मोठा-धाकटा असा क्रम लावू नका. दोन्ही सारखेच गंभीर आहेत, फक्त कारणं वेगळी आहेत.

एक गोष्ट मधेच सांगून ठेवतो. क्लीन रिपोर्ट म्हणजे पैशापैशाचा हिशेब बरोबर असा अर्थ नाही. ऑडिटर आधी एक मर्यादा ठरवतो. नफ्यातल्या कंपनीत करपूर्व नफ्याच्या ५ टक्क्यांपासून सुरुवात करायचा प्रघात आहे. आपल्या कंपनीत ते ८ लाख झाले. सगळ्या न सुधारलेल्या चुका मिळून त्याखाली राहिल्या, तर त्यावर सहसा शेरा येत नाही. उलट बाजूने पाहिलं, तर शेऱ्यात आलेली रक्कम ऑडिटरच्या लेखी किरकोळ नाही, एवढं नक्की धरून चाला.

क्वालिफाइड: आकडे स्वतः पुन्हा मांडा

'क्वालिफाइड ओपिनियन'च्या खाली 'बेसिस फॉर क्वालिफाइड ओपिनियन' हा मथळा असतो. अख्ख्या रिपोर्टमधला सगळ्यात मोलाचा मजकूर तिथे असतो. मताच्या वाक्यातले दोन-तीन शब्दही नीट बघा. ऑडिटरने 'एक्सेप्ट फॉर द इफेक्ट्स' लिहिलं असेल, तर चूक सापडली आहे. 'एक्सेप्ट फॉर द पॉसिबल इफेक्ट्स' लिहिलं असेल, तर पुरावा मिळालेला नाही. 'पॉसिबल' हा एक शब्द तुमची आकडेमोड बदलतो.

आपल्या चाकणच्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये दोन मुद्दे आहेत असं धरू. पहिला: एका ग्राहकाकडून १.१० कोटी येणं आहे. त्या ग्राहकाविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आहे, तरी कंपनीने बुडू शकणाऱ्या या रकमेसाठी काहीच तरतूद केलेली नाही. ऑडिटर लिहितो की ही पूर्ण रक्कम तरतुदीला टाकायला हवी होती, त्यामुळे नफा आणि येणी दोन्ही १.१० कोटींनी जास्त दिसतात. दुसरा: ९० लाखांचा माल प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटसाठी जॉबवर्करकडे आहे असं दाखवलंय, पण जॉबवर्करची लेखी खात्री ऑडिटरला मिळाली नाही. पहिल्या मुद्द्यात चूक सापडली आहे, दुसरा पुराव्याच्या अभावाचा.

आता कागद घ्या. मूळ ताळेबंदात चालू मालमत्ता १७ कोटी आहे: येणी ९.५०, स्टॉक ६.२० आणि इतर १.३०. चालू देणी १३.६० कोटी. करंट रेशो, म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी, १.२५ येतो. कराचा परिणाम हिशेब सोपा राहावा म्हणून बाजूला ठेवतो.

पहिल्या मुद्द्यात ऑडिटरने आकडा दिलाय, तो सरळ वजा करा. नफा १.६० वरून ०.५० कोटींवर येतो, नेटवर्थ ७.३० वर, चालू मालमत्ता १५.९० वर आणि रेशो १.१७ वर. हे आता तुमचे खरे आकडे. कंपनीने छापलेले विसरून जा.

दुसऱ्या मुद्द्यात ठाम आकडा नाही, पण टोकं माहीत आहेत. माल पूर्ण असेल तर काहीच बदलत नाही. अजिबात नसेल तर आणखी ९० लाख जातात: ५० लाखांच्या नफ्याचा ४० लाखांचा तोटा होतो, नेटवर्थ ६.४० कोटी आणि रेशो १.१० होतो. खरं उत्तर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे. उधार देणाऱ्याने वाईट टोक धरावं, असं माझं मत. जॉबवर्कर हा सहसा जवळपासचाच छोटा युनिटवाला असतो आणि त्याच्याकडून एका पत्रावर सही आणणं अवघड नसतं. ते पत्र वर्षभरात आलं नाही, यातून मी अर्थ काढतो. शिवाय जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचं चलन लागतं आणि तो कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो. म्हणून कंपनीला विचारायचा नेमका प्रश्न असा: "३१ मार्चला जॉबवर्करकडे असलेल्या मालाची चलनं दाखवा, आणि तो माल नंतर कधी परत आला त्याची नोंद दाखवा." माल खरा असेल तर जून-जुलैच्या नोंदींत तो परत आलेला सापडतो.

आता हे तुमच्या ९० लाखांपर्यंत कसं पोचतं, ते बघा. कंपनीची बँक कॅश क्रेडिट देताना जुनी थकलेली येणी आणि तिसऱ्याच्या ताब्यातला माल सहसा ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे कर्ज किती उचलता येईल त्या हिशेबात, धरत नाही. हे दोन कोटी वगळले आणि मार्जिन २५ टक्के असेल, तर कंपनीला उचलता येणारी रक्कम १.५० कोटींनी घटते. मंजुरीपत्रात करंट रेशो १.२० पेक्षा खाली जाऊ नये अशी अट असेल, तर तीही मोडते. बँकेने हात आखडता घेतला, की कंपनी आधी पुरवठादारांचे पैसे लांबवते. पगार आणि वीजबिल थांबवता येत नाही, स्टीलवाल्याला थांबवता येतं. त्यामुळे कंपनी बुडणार नसली, तरी तुमचे ९० दिवस १५० होऊ शकतात. मी इथे ४५ दिवस आणि ४५ लाखांची मर्यादा सुचवेन, आणि जॉबवर्कच्या चलनांचं उत्तर आल्यावर ती वाढवायचा विचार करेन.

'परिणाम निश्चित करता येत नाही'

वरचा रिपोर्ट सरळ होता. प्रत्यक्षात बऱ्याच शेऱ्यांत रक्कम नसते. 'परिणाम निश्चित करता येत नाही' असं लिहून विषय संपवलेला असतो. अशा वेळी रक्कम दुसरीकडे शोधावी लागते. ताळेबंदाच्या टिपांमध्ये संबंधित खात्याची पूर्ण शिल्लक असते. ग्रॅच्युइटीची तरतूद केली नाही आणि परिणाम काढलेला नाही असं असेल, तर पगारखर्चावरून अंदाज लागतो: पाच वर्षं झालेल्या माणसाला दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन, आणि एका दिवसाचं वेतन म्हणजे शेवटचं मासिक वेतन भागिले २६. अंदाज ढोबळ असला तरी रक्कम दहा लाखांच्या घरात आहे की कोटीच्या, हे कळतं.

संचालक मंडळाच्या अहवालात प्रत्येक शेऱ्यावर खुलासा देणं कंपनी कायद्याच्या कलम १३४ नुसार बंधनकारक आहे. तो खुलासा शेऱ्याशेजारी ठेवून वाचा. 'सदर रक्कम वसूल होईल असा व्यवस्थापनाला विश्वास आहे' हे वाक्य म्हणजे खुलासा नव्हे. 'जुलैमध्ये ४० लाख आले, उरलेल्यासाठी जामीनदाराची मालमत्ता आहे' असं लिहिलं असेल, तर त्यात तपासता येण्यासारखं काहीतरी आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तर शेऱ्याचा परिणाम धरून सुधारित आकड्यांचं वेगळं पत्रक वार्षिक निकालांबरोबर द्यावं लागतं. नफा, नेटवर्थ, एकूण मालमत्ता, 'आधी' आणि 'नंतर' अशा रकान्यांत. तुमचं अर्धं काम तिथे झालेलं असतं.

आणि एक धोक्याची खूण: एकाच रिपोर्टमध्ये पाच-सहा क्वालिफिकेशन, प्रत्येकासमोर 'निश्चित करता येत नाही', आणि वरचं मत मात्र क्वालिफाइड. येणी जुळली नाहीत, स्टॉक मोजला नाही, संबंधित पक्षांचे व्यवहार पडताळता आले नाहीत, बँकेचं एक खातं राहिलं. अशा रिपोर्टमध्ये ऑडिटरने पुढचं पाऊल टाकायचं टाळलंय असं मी समजतो. नाव काहीही असो, मी तो डिस्क्लेमर समजून वाचतो.

अ‍ॅडव्हर्स: चूक माहीत, दुरुस्ती अशक्य

अ‍ॅडव्हर्समध्ये ऑडिटर स्पष्ट लिहितो की हे हिशेब खरं आणि रास्त चित्र देत नाहीत. त्याच्याकडे पुरावा असतो. हे मत फार क्वचित दिसतं, कारण बहुतेक कंपन्या त्याआधी हिशेब बदलतात. तुमच्यासमोर अ‍ॅडव्हर्स आला, याचा अर्थ संचालकांनी पुरावा समोर असूनही आकडे बदलायला नकार दिला. आकड्यांइतकीच ही माहितीही महत्त्वाची आहे.

चाकणच्याच कंपनीचं वेगळं रूप घेऊ. तिच्या विक्रीचा मोठा भाग एका वाहन कंपनीच्या एकाच मॉडेलवर होता. ते मॉडेल बंद झालं. बँकेने कर्ज परत मागितलं. मे महिन्यात संचालकांनी कारखाना बंद करायचं ठरवलं. जुलैमध्ये हिशेबांवर सह्या झाल्या, तेव्हाही ते कंपनी पुढे चालू राहणार असं गृहीत धरूनच केलेले होते. या गृहीतकाला 'गोइंग कन्सर्न' म्हणतात. ते मुळातच चुकीचं असेल, तर 'एसए ५७०' नुसार ऑडिटरला अ‍ॅडव्हर्स मतच द्यावं लागतं.

असं का, हे एकेक ओळ वाचल्यावर कळतं. ७.५० कोटींची मशिनरी ही वापरातून वसूल होणारी किंमत आहे. कारखाना बंद झाल्यावर ती लिलावाची किंमत होते. अर्धवट झालेले पार्ट दुसऱ्या कुणाच्या कामाचे नसतात, त्यामुळे ते भंगाराच्या भावाने जातात. पाच कोटींचं मुदतकर्ज दीर्घकालीन म्हणून दाखवलंय, पण बँकेने मागितल्यावर ते आज देय आहे. कामगारांची नुकसानभरपाई हिशेबात कुठेच नाही. एक आकडा वजा करून भागत नाही, कारण मोजपट्टीच चुकीची धरलेली आहे.

म्हणून अ‍ॅडव्हर्स रिपोर्टसोबतच्या नफातोटा पत्रकात वेळ घालवू नका. ताळेबंदातली फक्त देण्यांची बाजू वाचा आणि ती किमान आहे असं धरा. मग एमसीएवर कंपनीच्या नावापुढे नोंदलेल्या बोज्यांची, म्हणजे चार्जेसची, यादी बघा. बँकेकडे काय काय गहाण आहे ते तिथे दिसतं, आणि गहाण मालमत्तेवर पहिला हात तिचाच. उरलेल्यात कामगार आहेत, सरकार आहे, आणि बिनतारण पुरवठादारांच्या रांगेत तुम्ही. लिलावात मशिनरी किती टक्क्यांना जाईल याचा अंदाज तुम्हाला धंद्यातल्या ओळखीतून असेल, तर तो वापरून गणित जरूर मांडा. फक्त तो तुमचा अंदाज आहे, सुधारलेला ताळेबंद नव्हे, हे लक्षात असू द्या. नव्या मालाला आगाऊ पैसे घ्या. जुनं येणं असेल तर वकिलाशी याच आठवड्यात बोला.

गोइंग कन्सर्नच्या बाबतीत एक पायरी खाली उतरून बघायला हवं, कारण इथे वाचकांचा फार गोंधळ होतो. कंपनी टिकेल का याबद्दल मोठी शंका आहे, पण संचालकांनी टिपेत ती नीट, पूर्ण सांगितली आहे, तर मत क्लीनच राहतं. रिपोर्टमध्ये 'मटेरियल अनसर्टनटी रिलेटेड टू गोइंग कन्सर्न' असा वेगळा मथळा येतो, एवढंच. शंका नीट सांगितलेली नसेल, तर क्वालिफाइड किंवा अ‍ॅडव्हर्स. गृहीतकच चुकीचं असेल, तर अ‍ॅडव्हर्स. म्हणजे पहिल्या प्रकारात हिशेब विश्वसनीय आहेत आणि कंपनी डळमळीत आहे. 'मत क्लीन आहे' एवढंच वाचून पान उलटलं, तर नेमकी तीच कंपनी निसटते.

डिस्क्लेमर: आकड्यांवर मतच नाही

डिस्क्लेमर ओळखायची सोपी खूण म्हणजे रिपोर्टची भाषा. 'आम्ही ऑडिट केलं' ऐवजी 'आमची ऑडिटसाठी नेमणूक झाली होती' अशा अर्थाचं वाक्य येतं. 'आमच्या मताला पुरेसा आणि योग्य पुरावा मिळाला आहे' हे नेहमीचं वाक्य गायब असतं. ऑडिटरच्या जबाबदाऱ्यांचा लांबलचक भागही आखडलेला असतो.

कंपनीचं तिसरं रूप घेऊ. ऑक्टोबरमध्ये अकाउंटिंग सॉफ्टवेअर बदललं, त्यात एप्रिल ते सप्टेंबरची व्हाउचर्स गेली. जुन्या ऑडिटरने राजीनामा दिला. नवा जूनमध्ये नेमला गेला, त्यामुळे ३१ मार्चच्या स्टॉक मोजणीला तो हजर नव्हता. अशा वेळी ऑडिटर नंतर स्टॉक मोजतो आणि मधल्या आवक-जावकीवरून मागे जाऊन ३१ मार्चचा आकडा काढतो. इथे आवक-जावकीची नोंदवहीच अपुरी निघाली. त्यात बँकांनी दोन खात्यांची शिल्लक कळवली नाही. नुसती उशिरा नेमणूक एवढंच कारण असतं, तर प्रकरण स्टॉकपुरत्या क्वालिफिकेशनवर निभावलं असतं. इथे स्टॉक, खरेदी, विक्री, येणी, देणी, बँक, सगळीकडे पुरावा तुटलाय.

नफा खरंच १.६० कोटी असू शकतो. तो तीन कोटींचा तोटाही असू शकतो. डिस्क्लेमर म्हणजे अफरातफरीचा पुरावा नव्हे. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेल्या कंपन्यांच्या रिपोर्टमध्ये तो बऱ्याचदा दिसतो, कारण कारभार हाती घेणाऱ्या व्यावसायिकाला जुनी कागदपत्रं पूर्ण मिळत नाहीत. म्हणून 'बेसिस'मध्ये कारण शोधा: पुरावा नष्ट झाला होता, की मागूनही दिला गेला नाही? आग, पूर, तपासयंत्रणेने उचललेली कागदपत्रं हा पहिला प्रकार. व्यवस्थापनाने खातेदारांना पत्रं पाठवू दिली नाहीत, उपकंपनीचे हिशेब दाखवले नाहीत, हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात ऑडिटरने शक्य असल्यास काम सोडावं असं मानक सांगतं. त्यामुळे एमसीएवर ADT-3 हा फॉर्मही शोधा. राजीनामा देणाऱ्या ऑडिटरला तो ३० दिवसांत भरावा लागतो आणि त्यात कारण लिहावं लागतं. 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलेलं सापडलं, तर तारीख बघा. ऐन ऑडिटच्या हंगामात, मे ते ऑगस्टमध्ये दिलेल्या राजीनाम्यामागे नुसतं वैयक्तिक कारण असेल, हे मला फारसं पटत नाही.

बेसिसमध्ये आणखी एक शोधायचं. डिस्क्लेमर दिला तरी ऑडिटरला माहीत असलेली चूक लिहावीच लागते. पुरावा नसल्याच्या चार परिच्छेदांमध्ये एक ठाम वाक्य दडलेलं असतं: 'पीएफची अमुक रक्कम भरलेली नाही' किंवा 'कर्जावरचं व्याज हिशेबात घेतलेलं नाही'. ते वाक्य मात्र पक्कं धरा.

मग आधार कशाचा घ्यायचा? कंपनीच्या हिशेबांबाहेर तयार झालेल्या नोंदींचा. जीएसटी पोर्टलवर करदात्याचा क्रमांक टाकला, की GSTR-1 आणि GSTR-3B ही विवरणपत्रं कोणत्या महिन्याची कधी भरली ते दिसतं. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेच्या नावाने शोधलं, तर दर महिन्याला पीएफ कधी भरला आणि किती कर्मचाऱ्यांचा भरला, ते कळतं. मार्चमध्ये १८० माणसांचा पीएफ आणि ऑगस्टमध्ये ७०, तर कारखान्याचं काय चाललंय हे कळायला ताळेबंद लागत नाही. एवढ्याने नफा कळत नाही, कारखाना सुरू आहे का आणि रोकड आहे का इतकंच कळतं. डिस्क्लेमर आल्यावर त्याहून जास्त काही मागू नका. आणि त्यावर ९० दिवसांची उधारी देऊ नका.

शेऱ्यासारखं दिसणारं, पण शेरा नसलेलं

'एम्फसिस ऑफ मॅटर' हा परिच्छेद क्वालिफिकेशन नव्हे. हिशेबात नीट सांगितलेल्या एखाद्या महत्त्वाच्या गोष्टीकडे ऑडिटर तिथे फक्त बोट दाखवतो. मत बदललेलं नाही असं तो तिथेच लिहितो. दाव्याची टीप असेल तर ती वाचा, आकडे मात्र बदलू नका.

ऑडिट रिपोर्टबद्दलचा 'कारो' हा सरकारी आदेश लागू असलेल्या कंपन्यांत मुख्य रिपोर्टला एक जोडपत्र असतं. त्यातली उत्तरं मताचा भाग नाहीत, पण आपल्या प्रश्नासाठी त्यातलं एक कलम सोन्यासारखं आहे. कंपनीला वर्षात कधीही चालू मालमत्तेच्या तारणावर ५ कोटींहून अधिक कार्यशील भांडवलाची मर्यादा मंजूर असेल, तर तिने बँकेला दिलेली तिमाही पत्रकं हिशेबवहीशी जुळतात का, हे ऑडिटरला सांगावं लागतं. बँकेला दाखवलेला स्टॉक वहीतल्यापेक्षा जास्त निघाला, तर क्लीन मतापेक्षा या तक्त्याकडे जास्त लक्ष द्या. मुख्य रिपोर्टच्या उत्तरार्धात अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या ऑडिट ट्रेलबद्दलही एक परिच्छेद असतो. नोंद कुणी कधी बदलली याचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना सक्तीचं आहे. माग वर्षभर चालू नव्हता असं लिहिलेलं असेल, तर केवळ तेवढ्याने मत बदलत नाही. पण स्टॉकवर शेराही असेल आणि ट्रेलही बंद असेल, तर दोन्ही एकत्र वाचा.

पुढच्या वर्षीचा रिपोर्ट

शेरा एका वर्षात संपत नाही. मागच्या ३१ मार्चचा स्टॉक पडताळता आला नव्हता, पण या वर्षीचा नीट मोजला. तरी मागचा शेवटचा स्टॉक हाच या वर्षीचा सुरुवातीचा स्टॉक असतो. तो ९० लाखांनी फुगलेला असेल, तर या वर्षीचा नफा तेवढ्याने कमी दिसणार. म्हणून दुसऱ्या वर्षी ताळेबंद स्वच्छ आणि नफातोटा पत्रकावर मात्र क्वालिफिकेशन, असा रिपोर्ट येऊ शकतो. त्याने बिचकू नका. कंपनीने सुधारणा केली आणि जुनी सावली तेवढी उरली आहे, असा त्याचा अर्थ. तिसऱ्या वर्षी ती दिसता कामा नये.

त्याऐवजी तोच शेरा, त्याच शब्दांत, तीन वर्षं चालू असेल आणि फक्त रक्कम १.१० वरून १.४० वर गेली असेल, तर तीनही रिपोर्ट शेजारी ठेवून संचालकांचा खुलासा बघा. तोही शब्दशः तोच निघाला, तर उधारीची मर्यादा कमी करायला चौथ्या रिपोर्टची वाट बघू नका.